एक पेटी उंच, एक बुटकी: दोन तुकड्यांच्या निकालाचा बॉक्स प्लॉट कसा वाचावा

घटक चाचणीचा निकाल लागला की हल्ली पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गुणांच्या यादीऐवजी कधी कधी एखादे चित्र येते. दोन उभ्या पेट्या, त्यांच्या वरखाली निघालेल्या रेघा, एखाददुसरा सुटा ठिपका आणि खाली लिहिलेले ‘तुकडी अ’, ‘तुकडी ब’. मुलांची नावे उघड न करता निकाल दाखवण्याचा हा चांगला मार्ग आहे, पण चित्र कसे वाचायचे हे सोबत कोणी सांगत नाही. मग कोणाला उंच पेटीची तुकडी पुढे वाटते, कोणाला ठिपके म्हणजे छपाईची चूक वाटते, आणि चर्चा शेवटी ‘आमच्या वेळी सरळ टक्के सांगत’ इथे येऊन थांबते.

या लेखासाठी मी असेच एक चित्र गृहीत धरले आहे. दोन्ही तुकड्यांत प्रत्येकी २३ मुले आहेत, गणिताची चाचणी ५० गुणांची आहे आणि गुण उदाहरणासाठी बनवलेले आहेत. चित्रात डावीकडच्या उभ्या अक्षावर ० ते ५० असे आकडे आहेत. अ तुकडीची पेटी बुटकी असून ती २९ पासून ३५ पर्यंत आहे. तिच्या आतली आडवी रेघ ३२ वर आहे, पेटीतून निघालेल्या रेघा खाली २६ पर्यंत आणि वर ३९ पर्यंत जातात, शिवाय १२ आणि ४८ या ठिकाणी दोन सुटे ठिपके आहेत. ब तुकडीची पेटी २२ पासून ४२ पर्यंत चांगली उंच आहे. तिच्यातली रेघ ३५ वर आहे, रेघा खाली ९ आणि वर ४९ पर्यंत पोचतात आणि ठिपका एकही नाही.

## पेटी तयार होते ती रांगेतून

हा आलेख १९७० च्या दशकात अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी रूढ केला. त्यामागची कृती शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेइतकी सोपी आहे. मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात तसे इथे गुणांप्रमाणे उभे करायचे, सर्वांत कमी गुण मिळवणारे मूल पहिले आणि सर्वांत जास्त मिळवणारे शेवटी. २३ जणांच्या रांगेत बारावे मूल बरोबर मध्ये येते, कारण त्याच्या अलीकडे अकरा आणि पलीकडे अकरा मुले असतात. या बाराव्या मुलाचे गुण म्हणजे मध्यक. पेटीतली आडवी रेघ मध्यकाची असते.

आता अलीकडच्या अकरा जणांतला मधला, म्हणजे सहावा, आणि पलीकडच्या अकरा जणांतला मधला, म्हणजे अठरावा, यांचे गुण पाहायचे. त्यांना पहिले आणि तिसरे चतुर्थक म्हणतात, कारण ते रांगेचे चार भाग पाडतात. पेटीची खालची कड सहाव्या मुलाच्या गुणांवर आणि वरची कड अठराव्या मुलाच्या गुणांवर बसते. अशा तऱ्हेने रांगेत पाच मुले, मग कडेवरचे एक, पुन्हा पाच, मग मध्यकावरचे एक, पुन्हा पाच, वरच्या कडेवरचे एक आणि शेवटची पाच अशी २३ जणांची वाटणी होते. पेटीबाहेर निघालेल्या रेघांना मिशा म्हणू. त्या कुठे संपतात याचा एक नियम आहे आणि तो ठिपक्यांशी जोडलेला असल्यामुळे तिथेच पाहू.

## स्क्रीनशॉटवरून आकडे काढताना

चित्राखाली आकडे छापलेले नसतील तर ते अक्षावरून मोजावे लागतात. अक्षावरचे ० आणि ५० हे दोन्ही पडद्यावर दिसतील एवढेच चित्र मोठे करावे आणि साधी फूटपट्टी धरावी. या दोन खुणांमध्ये १०० मिलिमीटर अंतर भरले, तर एका गुणाला दोन मिलिमीटर पडतात, आणि शून्यापासून ५८ मिलिमीटरवर असलेली कड म्हणजे २९ गुण. अशा मोजणीत एका गुणाची चूक सहज होऊ शकते, म्हणून पेट्यांमधला एखाद्या गुणाचा फरक स्क्रीनशॉटवरून ठामपणे सांगू नये.

मोजण्याआधी अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे मात्र पाहायलाच हवे. अक्ष २० पासून सुरू केला असेल, किंवा स्क्रीनशॉट घेताना खालची पट्टी कापली गेली असेल, तर अ तुकडीतला १२ चा ठिपका चित्रातून नाहीसा होतो आणि ब तुकडीची खालची मिशी कडेला टेकून अर्धवट दिसते. दोन तुकड्यांची चित्रे वेगवेगळी काढून शेजारी चिकटवली असतील तर धोका आणखी मोठा, कारण एका चित्रातला अक्ष ० ते ५० आणि दुसऱ्यातला २० ते ५० असेल, तर पेट्यांच्या उंचीची तुलना करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

## मध्यक आणि सरासरी यांची गल्लत

अ तुकडीचा मध्यक ३२ आणि ब तुकडीचा ३५. म्हणजे ब तुकडीतल्या मधल्या मुलाला तीन गुण जास्त आहेत. त्यावर लगेच कोणी म्हणेल की शाळेने तर दोन्ही तुकड्यांची सरासरी सारखीच सांगितली होती, मग हे चित्र चुकले का? चित्र चुकलेले नाही. अ तुकडीच्या गुणांची बेरीज ७३६ आहे, तिला २३ ने भागल्यावर सरासरी बरोबर ३२ येते. ब तुकडीची बेरीज ७४५ आहे आणि सरासरी सुमारे ३२.४. सरासरीत जेमतेम अर्ध्या गुणाचाही फरक नाही, मध्यकात तीन गुणांचा आहे, आणि दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

असे होते कारण सरासरी काढताना प्रत्येक गुण बेरजेत शिरतो, मध्यकाला मात्र फक्त रांगेतला क्रमांक कळतो. ब तुकडीतली खालची काही मुले ९, १३, १६ अशा गुणांवर आहेत. ती बेरीज खाली ओढतात आणि सरासरी मध्यकापेक्षा कमी होते. त्या ९ गुणांच्या जागी ३ असते तरी बारावे मूल ३५ वरच राहिले असते. एक्सेलमध्ये काढलेल्या बॉक्स प्लॉटमध्ये पेटीच्या आत बहुधा एक फुलीही दिसते, ती सरासरीची असते. फुली आणि रेघ एकमेकींपासून दूर असतील तर गुण एका बाजूला लांबवर पसरले आहेत असे समजावे. आपल्या चित्रात अ तुकडीची फुली रेघेवरच बसेल आणि ब तुकडीची रेघेच्या खाली घसरलेली दिसेल.

## उंच पेटीत जास्त मुले असतात का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. आपली नजर आकारावरून संख्या ठरवते, कारण मोठ्या डब्यात जास्त लाडू मावतात. इथे तसे होत नाही. दोन्ही पेट्यांमध्ये मधली निम्मी तुकडीच आहे, आणि प्रत्येक पेटीच्या दोन कप्प्यांतही सारखीच, म्हणजे पाच-पाच मुले आहेत. कप्पा उंच असला तर तीच पाच मुले लांब लांब उभी आहेत आणि कप्पा आखूड असला तर ती खांद्याला खांदा लावून उभी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पेटीची उंची ही गुणांच्या पसरणीची मोजणी आहे. अ तुकडीत ती ३५ वजा २९ म्हणजे ६, ब तुकडीत ४२ वजा २२ म्हणजे २०. अ तुकडीत मधली निम्मी मुले सहा गुणांच्या पट्ट्यात बसतात, ब तुकडीत तेवढ्याच मुलांना वीस गुणांची जागा लागते. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मध्यकातल्या तीन गुणांपेक्षा कितीतरी मोठा आहे. अ तुकडीत फळ्यावर एक उदाहरण सोडवले तर बहुतेकांना ते सारखेच सोपे किंवा अवघड जाईल. ब तुकडीत तेच उदाहरण काहींना कंटाळवाणे वाटेल आणि काहींच्या डोक्यावरून जाईल.

ब तुकडीच्या पेटीतली रेघ मधोमध नाही, हेही पाहण्यासारखे आहे. खालचा कप्पा २२ ते ३५ असा तेरा गुणांचा आहे आणि वरचा ३५ ते ४२ असा सात गुणांचा. वरची मुले जवळजवळ आहेत आणि खालची विरळ होत गेली आहेत. मध्यकावरून ‘ब तुकडी हुशार’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने हा खालचा उंच कप्पा आणि त्याखाली ९ पर्यंत गेलेली मिशी पाहिलेली नसते. ३५ टक्क्यांची उत्तीर्णतेची रेषा लावली तर ५० पैकी १८ गुण हवेत. अ तुकडीत त्याखाली एकच मूल आहे, ब तुकडीत तीन आहेत. वरच्या टोकाला हेच चित्र उलटे होते. ४० किंवा त्याहून जास्त गुण अ तुकडीत एकालाच आहेत, ब तुकडीत आठ जणांना.

## १२ गुणांना ठिपका पडला, ९ गुणांना का नाही?

या चित्रातला सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे. अ तुकडीत १२ गुणांचे मूल सुट्या ठिपक्याने दाखवले आहे. ब तुकडीतल्या सर्वांत मागच्या मुलाला त्याहूनही कमी, ९ गुण आहेत, तरी ते मिशीच्या टोकावर निमूट बसले आहे. वरच्या बाजूलाही ४८ ला ठिपका आहे आणि ४९ ला नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात सरळ सरळ पक्षपात दिसतो.

ठिपका कोणाला द्यायचा याचा टुकी यांचा नियम असा आहे. पेटीची उंची घ्यावी, तिची दीडपट करावी आणि पेटीच्या वरच्या कडेच्या वर व खालच्या कडेच्या खाली तेवढ्या अंतरावर एक अदृश्य कुंपण घालावे. कुंपणाबाहेर पडलेला प्रत्येक गुण ठिपक्याने दाखवायचा आणि त्याला आउटलायर म्हणायचे. मिशा मात्र कुंपणापर्यंत ताणायच्या नाहीत. कुंपणाच्या आत असलेल्या शेवटच्या खऱ्या मुलाच्या गुणांपाशी त्या थांबवायच्या.

अ तुकडीत पेटीची उंची ६ आहे, तिची दीडपट ९. खालचे कुंपण २९ वजा ९ म्हणजे २० वर आणि वरचे ३५ अधिक ९ म्हणजे ४४ वर येते. १२ आणि ४८ हे दोन्ही गुण बाहेर पडतात. आत उरलेल्यांत सर्वांत खालचा गुण २६ आणि सर्वांत वरचा ३९ आहे, म्हणून मिशा तिथे संपतात. ब तुकडीत पेटीची उंची २० आहे, दीडपट ३०. खालचे कुंपण २२ वजा ३० म्हणजे उणे ८ वर जाते आणि वरचे ७२ वर. पन्नास गुणांच्या परीक्षेत उणे ८ किंवा ७२ गुण कोणालाच मिळू शकत नाहीत. म्हणजे या तुकडीत एखाद्याला शून्य मिळाले असते तरी हा नियम त्याला आउटलायर ठरवू शकला नसता.

आउटलायर म्हणजे ‘फार वाईट’ किंवा ‘फार चांगला’ असा शेरा नव्हे. तो गुण आपल्याच तुकडीच्या मानाने किती एकटा आहे, एवढेच त्यातून कळते. सगळे साडेपाच फूट उंचीचे असलेल्या रांगेत सव्वासहा फुटांचा माणूस उठून दिसतो, पण कबड्डीच्या संघात चार फुटांच्या मुलापासून सहा फुटांच्या गड्यापर्यंत सगळे असतील, तर तिथे कोणीच उठून दिसत नाही. म्हणून ‘ब तुकडीत ठिपके नाहीत, म्हणजे कोणी मागे पडलेले नाही’ हे वाचन धोक्याचे आहे. त्या तुकडीत मागे पडलेली मुले अधिक आहेत, आणि अधिक असल्यामुळेच पेटी ताणली गेली व ती तिच्या मिशीत सामावली.

याची दुसरी बाजूही आहे. मोठ्या परीक्षेचे गुण अगदी प्रमाणबद्ध, घंटेच्या आकारात पसरले असले तरी या नियमाने हजारात सुमारे सात गुण कुंपणाबाहेर पडतात. एक लाख मुलांच्या परीक्षेत सातशेच्या आसपास ठिपके आपोआप उमटतील आणि त्यात काही खोट नसेल.

## ठिपका पुसून टाकावा का?

काही जणांना आउटलायर म्हणजे काढून टाकायची चूक वाटते. ठिपका दिसला की आधी उत्तरपत्रिका काढून पाहावी, एवढेच खरे तर त्यातून निघते. समजा, अ तुकडीतल्या त्या मुलाला प्रत्यक्षात २१ गुण होते आणि यादीत भरताना आकडे उलटून १२ झाले. ही चूक नेहमीची आहे. ती दुरुस्त केल्यावर पेटी आणि मध्यक जागचे हलत नाहीत, कारण ते मूल रांगेत तरीही पहिलेच राहते. मात्र २१ हा गुण २० च्या कुंपणाच्या आत आल्यामुळे खालचा ठिपका जातो आणि मिशी २६ वरून २१ पर्यंत लांबते. बेरीज नऊने वाढून ७४५ होते, म्हणजे ब तुकडीच्या बेरजेएवढीच. एका आकड्याच्या अदलाबदलीने दोन्ही तुकड्यांची सरासरी अगदी एक होते, पण पेट्या पूर्वीइतक्याच वेगळ्या राहतात.

आणि समजा उत्तरपत्रिकेवर खरोखरच १२ आहेत. मग तो गुण चित्रातही राहिला पाहिजे आणि सरासरीतही. ते मूल पुरवणीची पाने न जोडता निघून गेले का, आजारी होते का, की या प्रकरणाच्या आधीचेच काही त्याला समजलेले नाही, हे चित्र सांगणार नाही. ४८ च्या ठिपक्याचीही अशीच विचारपूस व्हायला हवी, पण वरच्या ठिपक्याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

## ‘तीन गुणांनी पुढे’ हे तरी पक्के ना?

या २३ मुलांपुरते, या एका चाचणीपुरते ते पक्के आहे. पण म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा वेगळे असते. ब तुकडीची शिकवण्याची पद्धत चांगली आहे, पुढच्या चाचणीतही तीच तुकडी पुढे असेल, असे त्याला सुचवायचे असते. त्यासाठी हा मध्यक किती डळमळीत आहे ते पाहावे लागते.

याचा एक ढोबळ हिशोब आहे. पेटीची उंची घेऊन तिला १.५७ ने गुणायचे आणि मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. जे उत्तर येईल तेवढे मध्यकाच्या वर आणि खाली हलू शकते असे समजायचे. काही आलेखांत पेटीला कंबरेपाशी खाच पाडलेली दिसते, ती याच अंतराची असते. २३ चे वर्गमूळ सुमारे ४.८ आहे. अ तुकडीसाठी उत्तर जवळजवळ २ येते, म्हणजे मध्यक ३० ते ३४ च्या पट्ट्यात. ब तुकडीसाठी ते साधारण साडेसहा येते, म्हणजे पट्टा साडेअठ्ठावीस ते साडेएकेचाळीस. पहिला पट्टा दुसऱ्याच्या पोटातच बसतो. त्यामुळे तीन गुणांच्या या फरकावर पद्धतीबद्दल काही बोलणे घाईचे ठरेल. पसरणीतला फरक, ६ विरुद्ध २०, मात्र इतका मोठा आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

## पेटी जे दाखवत नाही

पेटीवरून मुलांची संख्या कळत नाही. आठ मुलांची पेटी आणि ऐंशी मुलांची पेटी सारखीच दिसू शकते, म्हणून संख्या चित्राखाली लिहिलेली नसेल तर विचारून घ्यावी.

दुसरी उणीव अधिक बारीक आहे. ब तुकडीत २२ आणि ३५ यांच्या मधली पाच मुले २४, २७, ३०, ३२ आणि ३४ वर आहेत. ती पाचही मुले २३ वर असती तरी पेटीची एकही रेघ हलली नसती. म्हणजे तुकडीत एक हुशार आणि एक मागे पडलेला असे दोन स्वतंत्र गट पडले असतील आणि मध्ये रिकामी जागा असेल, तर बॉक्स प्लॉट ती जागा झाकून टाकतो. एक्सेलमध्ये `Show inner points` हा पर्याय निवडला की मिशांच्या आतल्या मुलांचेही ठिपके उमटतात आणि अशी पोकळी असेल तर दिसते. पंचवीस-तीस मुलांच्या तुकडीसाठी हा पर्याय नेहमीच चालू ठेवावा असे माझे मत आहे.

शेवटचा मुद्दा दोन जणांनी एकाच यादीवरून काढलेल्या पेट्या जुळत नाहीत तेव्हाचा. चतुर्थके काढण्याच्या एकाहून जास्त पद्धती आहेत. एक्सेल आपणहून `Exclusive median` ही पद्धत वापरते, आणि वर सहाव्या व अठराव्या मुलाचे गुण आपण घेतले ते तिच्याशीच जुळतात. `Inclusive median` निवडले तर खालची कड सहाव्या आणि सातव्या मुलाच्या मधोमध येते. तेव्हा अ तुकडीची पेटी २९.५ ते ३४.५ आणि ब तुकडीची २३ ते ४१.५ होते. ठिपके आपल्या उदाहरणात तेच राहतात, पण कुंपणाच्या अगदी काठावर एखादा गुण असता, तर तो एका पद्धतीत ठिपका आणि दुसऱ्या पद्धतीत मिशीचे टोक ठरला असता. दोन चाचण्यांची चित्रे शेजारी ठेवून ब तुकडीची खालची कड २२ वरून वर सरकली का हे पाहायचे असेल, तर दोन्ही चित्रे एकाच पद्धतीने आणि एकाच अक्षावर काढलेली आहेत ना, हे शिक्षकांना आधी विचारावे.